तांडेलसाठी घर पाहिजे

स्नेहल तांबेने कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. सातवीत माझी विद्यार्थिनी होती तेव्हा पट्टी विसरली तर शेजारणीची घ्यायची नाही. वहीचं पान दुमडून त्याच्या कडेने रेघ मारायची, आणि रेघ सरळ यायची. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत तिचं आवाहन माझ्या मोबाइलवर आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

स्नेहल आता छत्तिशीला आली आहे. बाजारपेठेतल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. नाचणे रस्त्याला दोन खोल्यांत आई, भाऊ केतन, वहिनी आणि ती. पैकी आतली खोली भावाची, बाहेरची आईची आणि दूरदर्शन संचाची, आणि स्नेहलची गादी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गुंडाळलेली. शिवाय दोन कुत्री. एकाला पाय तीन, दुसरीला डोळा एक. दोन्ही तिने रस्त्यावरून उचलून बरी केलेली. घरमालक रावजी भला माणूस, पण त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "स्नेहल, दोन झाली. तिसरं आलं तर मी भाडं कुत्र्यांकडून घेईन हो."

तिला कुत्र्यांचं वेड आहे असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ती कुत्र्यांना 'शोना', 'बाळा' म्हणत नाही, त्यांचे वाढदिवस करत नाही. समोर मोडलेलं दिसलं की नीट करायचं, एवढंच तिला कळतं. शाळेत बाकाचा खिळा वर आला तरी ही दगडाने ठोकत बसलेली असायची.

तर मिरकरवाडा जेटीवर एक तपकिरी कुत्रा होता. बोटी किनाऱ्याला लागल्या की हा उडी मारून एखादीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चढायचा आणि बोट चालवणाऱ्या तांडेलासारखा छाती काढून उभा राहायचा. म्हणून सगळे त्याला तांडेलच म्हणत. एका बुधवारी बर्फाचा टेम्पो मागे येताना त्याच्या पायावरून गेला. रघू नाटेकर हा तिथला खलाशी. त्याने स्नेहलला फोन लावला.

"ताई, आमचा तांडेल गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे आहे. पण पाय लटकतोय. बघवत नाय."

"माशाच्या टपात गोणपाट टाक आणि त्याला आडवा ठेव. पायाला हात लावू नको. तोंडाला फडकं बांध, दुखलं की आपला माणूससुद्धा चावतो. मी रिक्षा घेऊन येते."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर हेतलने एक्स-रे काढला. मांडीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून आत पिन बसवली. दवाखान्यात पिंजरे दोनच, आणि दोन्हींना पुढची गिऱ्हाइकं ठरलेली. रविवारपर्यंत ठेवते म्हणाली, त्यापुढे नाही. त्या रात्री स्नेहलने हे लिहिलं:

"मिरकरवाडा जेटीवरच्या तांडेलला तात्पुरतं घर पाहिजे. वय अंदाजे तीन वर्षं, नर, नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दिली आहे. चावत नाही. भुंकतो कमी. मासे दिसले की रडतो.

उजव्या मागच्या पायाची शस्त्रक्रिया झाली आहे. रविवारी दवाखान्यातून सोडतील. जेटीवर परत गेला तर तो उड्या मारेल आणि पिन सरकेल, मग पाय वाचणार नाही. सहा-साडेसहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजरा आमच्याकडे आहे.

खर्च असा:
शस्त्रक्रिया आणि पिन – ९,५००
एक्स-रे, दोन वेळा – १,२००
औषधं आणि ड्रेसिंग – १,८००
खाणं, रोज ६० रु. प्रमाणे ४५ दिवस – २,७००
रिक्षा – ९८०
एकूण – १६,१८० रुपये

ज्यांना मदत करायची आहे त्यांनी पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर भरावेत. सगळी बिलं इथे टाकीन. घर देणाऱ्याला एक पैसाही खर्च नाही. तुम्ही फक्त जागा द्या."

आवाहन चांगलं होतं. कुणाला किती, कशासाठी, सगळं उजेडात. पण त्यात एक गोष्ट राहिली होती, आणि ती स्नेहलच्या हातून राहणारच होती. कुत्र्याला दिवसातून चार वेळा पट्ट्याला धरून बाहेर न्यायला, औषध द्यायला, टाके चाटतो का बघायला एक माणूस लागणार होता. ते तिने लिहिलंच नाही. पैसे मागताना तिची बोटं अडखळली असतील. कुणाचा वेळ मागणं तर तिच्या जिवावर आलं असणार. म्हणून तिने सगळ्यात कमी वाटेल ते मागितलं. जागा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे जमले. खेडच्या एका बाईंनी दोन हजार, लांज्याच्या काजूवाल्याने हजार, जेटीवरच्या खलाशांनी मिळून तीन हजार. तिला लिहावं लागलं, 'रक्कम पूर्ण झाली, कृपया आणखी पाठवू नये.' प्रतिक्रियाही आल्या. कुणी हात जोडले. कुणी विचारलं, "आधी माणसांचं बघा ना." त्याला रघूने खाली लिहिलं, "तुमचा पाय मोडला तर तुमचंपण बघू, काळजी नको."

आणि मग जागा येऊ लागल्या. आपल्याकडे जागेला काय तोटा! अर्धा जिल्हा मुंबईला, आणि घरं इथे कुलपात. डोंबिवलीहून फोन, "ताई, आमचं देवरूखला घर आहे, चार खोल्या, कुत्र्याला एक खोली कशाला, चारही घ्या." विरारहून फोन, "किल्ली शेजारी आहे." कुणी पडवी देत होतं, कुणी गोठा, एकाने तर आंब्याच्या बागेतली राखण्याची खोपटी देऊ केली. शनिवार सकाळपर्यंत स्नेहलकडे सात घरं झाली, आणि एकातही माणूस नाही.

"पण बघणार कोण?" असं ती विचारायची.

"म्हणजे? तुम्ही आहात ना," असं पलीकडून यायचं. त्यांची काही चूक नव्हती. तिने मागितलं तेच ते देत होते.

शनिवारी दुपारी पतसंस्था अर्धा दिवस. ती दवाखान्यात गेली. तांडेल प्लॅस्टिकच्या गळपट्ट्यात तोंड घालून पडला होता. डॉक्टर हेतल म्हणाली, "उद्या दुपारी मला पिंजरा लागेल, स्नेहलताई. देवरूखचा एक लॅब्राडॉर येतोय."

"रविवार म्हणजे रविवारच, माहीत आहे," स्नेहल म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने विरारच्या त्या माणसाला फोन केला. राकेश कदम त्याचं नाव. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी. घर भाट्याच्या पुलापलीकडे, पावस रस्त्यावरच्या एका बौद्धवाडीत.

"राकेशदादा, तुमच्या घरात कुत्र्याबरोबर मी राहिले तर चालेल?"

पलीकडून तो म्हणाला, "अहो, चालेल काय! घराला धूर लागेल, वाळवी धरायची नाही. फक्त चौदा एप्रिलला आम्ही सगळे जयंतीला येतो. तोवर घर तुमचं. किल्ली जाईबाईकडे आहे. ती रागावेल, तिचं मनावर घेऊ नका."

घरी आईला सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"लग्न करून गेली नाहीस. आता कुत्र्याला घेऊन बिऱ्हाड थाटतेस होय?"

"सहा आठवडे गं आई."

"नि ही दोन?"

"केतन बघेल. बघशील ना रे?"

केतन म्हणाला, "बघीन. पण ओट्याखालची जागा मी तुझ्या वहिनीच्या मिक्सरला देतो हां तोवर." वहिनी खुशीत हसली.

रविवारी रघूच्या मित्राच्या टेम्पोत पिंजरा, गादी, स्टो आणि तांडेल असे चौघे पूल ओलांडून गेले. वाडीत जाईबाई पायरीवर बसलेली होती. सत्तरीची, कृश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वाडीतल्या अकरा बंद घरांच्या किल्ल्या तिच्याकडे. आठवड्यातून एकदा प्रत्येक घर उघडायचं, दारंखिडक्या सताड उघड्या टाकायच्या, वाळवी आली का बघायचं, अंगण लोटायचं. तिचा मुलगा मुंबईला. तिचं स्वतःचं घर तेवढं कायम उघडं.

"हा काय गो तो? ह्याच्यासाठी एवढं?" तिने पिंजऱ्यात डोकावून विचारलं.

"हो, जाईआजी."

"आणि दिवसा तू कामावर. मग?"

स्नेहलचं वर्गणी, खर्च, बिलं सगळं सांगून झालं आणि एवढंच राहिलं. शेवटी ती म्हणाली, "दुपारी एकदा त्याला बाहेर न्यायला लागतं. मला... कोणीतरी हवं आहे."

"मग तसं बोल की. तोंडात काय मीठ धरलंयस? मी हात नाय लावायची हां. कुत्र्याला मी जन्मात हात नाय लावलाय. येऊन बसेन. बोलेन त्याच्याशी."

पहिले दोन दिवस ती नुसती बोलली. घरी कोण आलं, कोण गेलं, मुलाचा फोन कसा येत नाही, सगळं. तिसऱ्या दिवशी दुपारी तांडेल कळवळून रडायला लागला तेव्हा तिने लुगड्याचा पदर हाताला गुंडाळला आणि पट्टा लावला. संध्याकाळी स्नेहलला तिने पट्टा धरलेला हात दाखवत सगळी हकिकत सांगितली, "ओढतंय गो मेलं! तीन पायांवर ओढतंय. चौथा लागला तर मला पावसपर्यंत नेईल."

त्या घरात स्नेहल कशी राहत होती ते मी एका रविवारी पाहिलं. पडवीत तांडेलचा पिंजरा, आतल्या खोलीत तिची गादी, खिडकीत आरसा. ओट्याखाली नव्हे, खिडकीखाली झोपत होती. सकाळी विहिरीवरून पाणी काढायची, त्याला पाच मिनिटं हळूहळू चालवायची, गोळी पेडवा माशाच्या तुकड्यात दडवून द्यायची, आणि साडेआठची एसटी धरायची. चौथ्या दिवशी तिची आई भांडायला आली होती. वाद घालता घालता वडे तळले, आणि मग एसटी चुकली म्हणून दोन दिवस राहिली. "इथे झोप चांगली लागते," असं तिने मला हळूच सांगितलं.

बाराव्या दिवशी टाके निघाले. तांडेल पाय टेकवू लागला, आधी नखं, मग तळवा. स्नेहल दर आठवड्याला फोटो आणि बिल टाकत होती. खाली लोक 'वा' म्हणत होते.

मार्चच्या शेवटी ते झालं. त्या दिवशी हवा कोंदट होती. जाईबाई सकाळपासून घरं उघडत फिरत होती. राकेशच्या घरी आली, दारं उघडली, खिडक्या उघडल्या, आणि पडवीतला पिंजरा तेवढा बंद दिसला. बंद म्हटलं की उघडायचं, वारा लागू द्यायचा, हे तिच्या हातात इतकी वर्षं मुरलेलं. शिवाय तांडेलशी तिची आता ओळख झालेली. "बस हां गप, वारा खा," म्हणाली आणि कडी काढली. तो बसलाही. पण अंगणातून मांजर गेलं.

पडवीला तीन पायऱ्या. त्याने तिन्ही एका उडीत सोडल्या.

स्नेहलला फोन आला तेव्हा ती काउंटरवर होती. "गो, मी मारलं त्याला," एवढंच जाईबाई म्हणत राहिली. स्नेहलने साहेबांकडे अर्धी रजा टाकली. मिरकरवाड्याहून रघू टेम्पो घेऊन आला. दवाखान्यात तांडेल पाय उचलून उभा, आणि जाईबाई बाकावर, किल्ल्या मांडीवर घेऊन. दर थोड्या वेळाने म्हणायची, "माझंच मेलीचं बोट त्या कडीवर."

"तुम्ही नसता तर तो त्या घरात राहिलाच नसता," स्नेहल म्हणाली.

डॉक्टर हेतलने एक्स-रे उजेडात धरला. खूप वेळ धरला.

"पिन जागेवर आहे. हाड धरायला लागलंय, तिथे थोडा ताण आलाय. नवीन मोडलेलं काही नाही. पण पिन मी ठरल्या दिवशी काढणार नाही. अजून दोन आठवडे, आणि आता उड्या शून्य."

जाईबाईने विचारलं, "म्हणजे पाय राहिला?"

"आत्तापर्यंत तरी राहिला."

दोन आठवडे म्हणजे पिन निघेपर्यंत एप्रिलची वीस तारीख उजाडणार. चौदाला कदम मंडळी येणार, सात माणसं, त्यात दोन लहान मुलं. जयंतीला घर भरणार, पडवीत स्पीकर लागणार. उरलेल्या आठवड्यासाठी तांडेलला कुठे न्यायचं? स्नेहल राकेशला विचारेल तर ना! तिने रात्री दुसरं आवाहन लिहिलं. या वेळी मात्र ते वेगळं होतं:

"तांडेलला तेरा एप्रिलपासून साधारण एक आठवडा घर पाहिजे. घरात दिवसभर माणूस पाहिजे. पिंजरा उघडायचा नाही. दिवसातून चार वेळा त्याला पट्ट्याला धरून पाच मिनिटं हळू चालवायचं, पायऱ्यांवरून त्याला उचलून उतरवायचं. वजन अठरा किलो. त्याच्याशी बोललेलं त्याला आवडतं.

वाढीव खर्च: एक्स-रे ६००, खाणं १४ दिवस ८४०, एकूण १,४४० रुपये. तो मी भरला आहे. पैसे नकोत. माणूस पाहिजे."

दहा मिनिटांत राकेशचा फोन. आवाज चढलेला.

"काय ओ ताई, आमच्या घरातून तुम्ही कुत्र्याला बाहेर काढताय?"

"दादा, तुमची जयंती..."

"जयंती आहे म्हणून तर माणसं आहेत! सात जणं येतोय. तुम्हाला एक पाहिजे ना? बायकोने पोस्ट वाचली, ती मला विचारते, आपल्याला माणसांत धरत नाहीत काय ते लोक?"

"स्पीकर लावणार तुम्ही."

"मग मिरवणूक समाजमंदिराकडून निघेल, स्पीकर तिकडेच लावतो. कुत्र्याला पडवी, आम्हाला आतली वळई. आणि तुम्ही कुठे चाललात? तुमची गादी तिथेच ठेवा. रेणुका म्हणते, बाई घरात आहेत म्हणून घर पहिल्यांदा झाडावं लागणार नाही."

रेणुका म्हणजे राकेशची बायको. ती आली आणि पहिल्याच संध्याकाळी पाळ्या ठरवल्या. सकाळ राकेश, दुपार जाईबाई, संध्याकाळ मुलं आणि स्नेहल, रात्र ज्याला झोप लागत नाही त्याची. पिंजऱ्याच्या कडीला तिने आपल्या ओढणीची गाठ मारली. जाईबाईने ती गाठ तपासून बघितली, आणि स्वतःहून आणखी एक मारली.

चौदाला पडवीतून निळे झेंडे दिसत होते. तांडेल पिंजऱ्यातून सगळं बघत होता. मुलांनी त्याला निळी फीत बांधली होती. खीर त्याला कुणी द्यायची नाही असं ठरलं होतं, पण त्याच्या मिशीला ती लागलेली मी पाहिली, आणि कुणाचं नाव घेतलं नाही.

रेणुका आणि मुलं रजा वाढवून थांबली. वीसच्या आसपास पिन निघाली. डॉक्टर हेतलने पाय वाकवून, ताणून, टेबलाच्या काठावरून चालवून बघितला. "जरा लंगडेल," म्हणाली, "थंडीत जास्त. पण हा पाय त्याचा आहे." आणखी चार दिवस घरात ठेवला, आणि मग त्याला जेटीवर न्यायचं ठरलं. रस्त्यावरचा कुत्रा बरा झाला की त्याच्याच जागी सोडायचा असतो, नाहीतर त्याची जागा दुसरा घेतो आणि हा दोन्हीकडचा राहत नाही. हे स्नेहल मुलांना समजावत होती तेव्हा त्यांच्यापेक्षा जाईबाई जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

जेटीवर संध्याकाळची वेळ. दोन बोटी नुकत्याच लागलेल्या, टप भरून बांगडा उतरत होता. रघूने लांबूनच हाक मारली, "तांडेल! ये रे, बोट उभी आहे तुझी."

स्नेहलने पट्टा सोडला. तो क्षणभर वास घेत उभा राहिला. मग चालला. धावला नाही, चालला. टपांमधून, दोऱ्यांवरून, पायांमधून. उजवा मागचा पाय जरा उशिरा पडत होता, पण प्रत्येक वेळी पडत होता. रघूच्या बोटीपाशी फळी टाकलेली होती. तिच्यावरून तो वर गेला आणि नाळेवर जाऊन उभा राहिला.

"बघ," जाईबाई म्हणाली, "एकदा मागं वळून बघलान नाय. एवढं बोलले मी त्याच्याशी."

"पाय बघा, आजी," स्नेहल म्हणाली. तिचा मोबाइल हातात होता, फोटो काढायचा होता, पण ती काढत नव्हती.

रघू ओरडला, "ताई, चारही टेकलेत हां! मोजून घ्या!"

"मोजले," ती म्हणाली.

रेणुकाने रिक्षा थांबवली होती. ती बसली, मुलं बसली, जाईबाई बसली. स्नेहलची गादी अजून त्या घरात खिडकीखालीच होती. जाईबाईने सरकून जागा केली आणि विचारलं, "तू कुठे उतरणार, नाचण्याला की वाडीला?"

स्नेहलने थोडा विचार केला. "आज वाडीला," ती म्हणाली. "जाईआजी, मला ते घर भाड्याने पाहिजे. राकेशदादांना तुम्ही विचाराल?"

"मी कशाला? ही बसलीय ना त्याची बायको. तूच माग," जाईबाई म्हणाली.

आणि स्नेहलने मागितलं.